‘अग्रगण्य’ म्हणजे कोणाच्या पुढे, ते आधी सांग

बस खाली. चहा नंतर. आधी तुझं पान तुलाच मोठ्याने वाचून दाखवते, कारण लिहून झाल्यावर तू ते एकदाही मोठ्याने वाचलेलं नाहीस, हे पहिल्याच ओळीत कळतं.

‘गेल्या चार दशकांची गौरवशाली परंपरा लाभलेली, विदर्भातील अग्रगण्य आणि जागतिक दर्जाची आमची संस्था ताडोबाच्या निबिड अरण्यातील शंभर टक्के सेंद्रिय मोहफुलांपासून आरोग्यवर्धक उत्पादने निर्माण करते. आमच्या तज्ज्ञ टीमच्या अथक परिश्रमांतून हजारो आदिवासी कुटुंबांचे जीवन उजळले आहे. शासनमान्य, आयएसओ प्रमाणित, ग्राहकांच्या विश्वासाचे एकमेव नाव!’

हसू नकोस. हे तूच लिहिलंयस. वर्गात निबंध लिहायचास तेव्हा निदान शुद्धलेखनाच्या चुका तरी तुझ्या स्वतःच्या असायच्या. इथे तर एकही शब्द तुझा नाही. यातलं ‘मोहफूल’ काढ आणि ‘प्लास्टिकची खुर्ची’ घाल, पान तसंच्या तसं चालेल. कारखान्याचं नाव झाकलं तर ते कोणाचं आहे हे तुझ्या आईलाही ओळखता येणार नाही. मूलमध्ये दोन खोल्यांत मोहाचे लाडू, पाक आणि वाळलेली फुलं करणारा तू. हे वाचून वाटतं की नागपूरच्या एखाद्या बड्या कंपनीचं माहितीपत्रक छापणारा बोलतोय.

आता एकेका शब्दाला धरून उभं करते. उत्तरं तू द्यायची.

चार दशकं कुठून आणलीस? तुझं वय बत्तीस. उद्योगाची नोंदणी २०२१ची. तर म्हणे आजोबांचं किराणा दुकान होतं. असेल. त्यात मीठ, गूळ, रॉकेल मिळायचं, मीच आणत होते. त्या दुकानाचा आणि तुझ्या लाडवांचा संबंध काय? बरं, संबंध आहे असं क्षणभर धरू. मग तुझ्याकडून माल घेऊ पाहणारा शहाणा माणूस पुढचा प्रश्न विचारेल. मोहफुलांवर आपल्या राज्यात दारूबंदी कायद्याखाली वर्षानुवर्षं निर्बंध होते. साठवण आणि वाहतूक सरसकट मोकळी झाली ती २०२१मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं तुमच्या घरी मोहाचा व्यापार होता, तर परवाना कुठला? बघ, फुशारकी मारायला गेलास आणि आजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून आलास. खरं काय ते किती साधं आहे! नियम बदलला, वाट मोकळी झाली, त्याच वर्षी तू सुरुवात केलीस. हे वाक्य लिहिलंस तर वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला आपल्या धंद्याचा कायदा ठाऊक आहे. चार दशकांपेक्षा ते जास्त वजनदार आहे.

ताडोबा. हा शब्द का घातलास ते मला सांगू नकोस, मला माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला चंद्रपूर म्हटलं की वाघच आठवतो. पण तुझा माल येतो कुठून? धानोरा तालुक्यातून. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्याही पुढे. ताडोबा नदीच्या या अंगाला. शाळेत नकाशा भरताना तू वैनगंगा नेहमी भलतीकडे काढायचास, ती सवय अजून गेलेली दिसत नाही. आणि भूगोल सोड. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून विक्रीसाठी वनउपज उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तुझ्या पानावर तू स्वतःच्या सहीने गुन्ह्याची कबुली देऊन ठेवलीस, तीही न केलेल्या! वनखात्यातल्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याने ते वाचून दारात गाडी लावली तर त्याला काय सांगशील, ‘साहेब, ते मी उगीच लिहिलं होतं’?

तुझ्या टिपणांच्या वहीत तू ताडोबाच्या जोडीला आणखी एक ओळ खरडली आहेस: ‘मेंढा-लेखाचा उल्लेख करावा.’ का करावा? मेंढा-लेखा धानोरा तालुक्यात आहे म्हणून? त्या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. त्यामागे त्या गावाच्या किती वर्षांच्या बैठका आहेत, ते देवाजी तोफांसारख्या माणसांना विचार. तू त्या गावातून एक किलो तरी फूल घेतोस? नाही. मग त्यांचं नाव तुझ्या लाडवाच्या डब्यावर कशाला? शेजारच्या गावाची पुण्याई उसनी घेता येत नाही. उलट ज्या पाच गावांतून तू घेतोस त्यांची नावं लिही. ती कोणी ऐकलेली नाहीत म्हणून तुला लाज वाटते, आणि नेमकी तीच नावं कोणीही जाऊन तपासू शकतं.

आता ‘शंभर टक्के सेंद्रिय’. तुझं म्हणणं मला पाठ आहे: जंगलातल्या झाडाला खत कोण घालतंय, औषध कोण मारतंय, म्हणजे सेंद्रियच. तुझ्या मनातलं खरं असेलही. पण अन्नाच्या बाबतीत ‘सेंद्रिय’ म्हणायला २०१७पासून वेगळे नियम आहेत आणि त्यामागे प्रमाणपत्र लागतं. जंगलातून गोळा केलेल्या मालासाठीही प्रमाणनाची रीत ठरलेली आहे. अगदी लहान उत्पादकाने थेट ग्राहकाला विकताना काही सवलत आहे, पण तू नागपूरच्या दुकानदाराला देतोस, म्हणून ती तुझ्या कामाची नाही. आणि ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ हे शब्दही मोकाट नाहीत; खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८चे नियम आहेत, त्यांत हे शब्द कधी वापरायचे त्याच्या अटी आहेत. ‘सेंद्रिय’ खोडून मग काय लिहू, म्हणतोस? जे घडतं ते लिही. ‘फुलं गावकऱ्यांच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातल्या आणि बांधावरच्या झाडांखालची आहेत. आमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र नाही.’ दुसरं वाक्य लिहायला हात थरथरतो ना? थरथरू दे. ते वाचलं की पहिल्या वाक्यावर माणूस विश्वास ठेवतो.

‘आरोग्यवर्धक’वर तर मला बोलायचंही नव्हतं. पण वहीत त्याच्या खाली लिहिलं आहेस: ‘मधुमेह, रक्तक्षय, सांधेदुखीवर गुणकारी.’ अरे, वाळलेल्या मोहफुलाचा मोठा भाग साखरच असतो, म्हणून तर त्याची दारू होते! मधुमेहाच्या माणसाला तू लाडू चारणार? आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. ही ओळ पानावर नाही आली हे तुझं नशीब. वहीतूनही फाडून टाक.

दारूचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, पानावर तो कुठे आहे? गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ला झाली, २०२१ला उठली. इथे मोह म्हटलं की पहिला विचार भट्टीचाच येतो. कोणी बोलून दाखवत नाही इतकंच. बँकेचा मॅनेजर तुझा अर्ज बघताना तेच मनात आणणार. त्याच्या मनातला प्रश्न ओळखून तू आधीच एका ओळीत उत्तर द्यायला हवं होतंस: इथे फक्त खाण्याचे पदार्थ होतात, गाळप होत नाही. ‘जागतिक दर्जा’ला जागा सापडली, या ओळीला नाही सापडली.

शासनमान्य. कोणत्या शासनाने, कशाला मान्यता दिली? दाखव कागद. हा उद्यमचा. हा तू स्वतः माहिती भरून, फुकट काढलेला नोंदणीचा कागद आहे. तुझा उद्योग आहे एवढं तो सांगतो, चांगला आहे असं सांगत नाही. हा दुसरा एफएसएसएआयचा. चौदा आकडी क्रमांक आहे, छान. तो छाप. पण ‘मान्यताप्राप्त’ म्हणू नकोस. नोंदणी म्हणजे अन्नाचा धंदा करण्याची मुभा, लाडू चाखून दिलेली शाबासकी नव्हे. आणि आयएसओ? ती संस्था स्वतः कोणाला प्रमाणपत्रच देत नाही. मानकं लिहिते, प्रमाणपत्र दुसऱ्या संस्था देतात. तुला कोणी दिलंय? ‘पुढच्या वर्षी काढणार आहे.’ मग पुढच्या वर्षी लिही. कोणत्या मानकाचं, कोणी दिलेलं, कधीपर्यंत चालणारं, या तीन गोष्टींसकट.

हे सगळं मी एका दमात बोलले, कारण ते खोडायला सोपं आहे. खरी गोष्ट ‘हजारो आदिवासी कुटुंबां’ची. तिथे मला राग आला आहे.

हजारो म्हणजे किती? वहीत ६४ घरं आहेत. चौसष्ट. ‘पाच गावांची लोकसंख्या धरली’ म्हणतोस. म्हणजे ज्या घराने तुला कधी फूल विकलं नाही, ज्या घरातली माणसं तुला तोंडानेही ओळखत नाहीत, त्यांचंही जीवन तू उजळलंस! बरं, त्या चौसष्टांचं तरी किती उजळलं? चल, खडू घे, फळ्यावर मांड. गेल्या हंगामात वाळलेलं फूल घेतलंस ३८ क्विंटल. दर ४५ रुपये किलो. होतात १ लाख ७१ हजार. भाग ६४ने. घरामागे २,६७२ रुपये, अख्ख्या वर्षाचे. आता दुसरं गणित. तू नसतास तर तेच फूल गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला ४०ने गेलं असतं, हेही तूच लिहिलं आहेस. म्हणजे तुझ्यामुळे वाढले ते किलोमागे पाच रुपये. घरामागे तीनशेही भरत नाहीत.

तीनशे रुपयांत जीवन उजळतं का रे?

मान खाली घालू नकोस, कारण पाच रुपये कमी नाहीत. ते तू दिलेस, आणि रोख दिलेस. हंगाम संपेपर्यंत उधारीवर ठेवलं नाहीस, हे वहीत आहे. ते लिहिलंस तर तुझी किंमत वाढते. ‘गेल्या हंगामात आम्ही पाच गावांतल्या ६४ घरांकडून ३८ क्विंटल फूल घेतलं, ४५ रुपये किलोने, जागेवर रोख. त्या वेळी गावात व्यापाऱ्याचा भाव ४० होता.’ यात एकही फुशारकीचं विशेषण नाही आणि कोणाला खोटं पाडता येणार नाही. पाडायचं असेल तर धानोऱ्याला जाऊन विचारावं लागेल, आणि तिथेही हेच कळेल.

शिवाय तू आकडे नीट बघितलेच नाहीस, म्हणून तुझ्या हातून खरी गोष्ट निसटली. पान उलट. मार्चनंतरची मजुरी. मूलमध्ये तुझ्याकडे सहा बाया फुलातले केसर काढतात, फुलं निवडतात, लाडू वळतात. शंभर दिवस, रोजचे ४५०. म्हणजे एकेकीला ४५ हजार. चौसष्ट घरांना फुलाचे मिळून जितके गेले त्यापेक्षा या सहा जणींना जास्त गेले, जवळजवळ एक लाखाने. तुझ्या उद्योगाने कोणाच्या घरात खरोखर फरक पडला असेल तर तो इथे. आणि तुझ्या पानावर या बाया कुठे आहेत? ‘तज्ज्ञ टीम’मध्ये! तज्ज्ञ त्याच आहेत म्हणा. ओलं-वाळलं फूल नुसतं मुठीत दाबून सांगतात. पण ‘तज्ज्ञ टीम’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट घातलेले लोक येतात, आणि तू मुद्दाम ते येऊ दिलेस.

त्यांची नावं द्यायची असतील तर आधी त्यांना विचार. फोटो छापायचा असेल तर तो कुठे छापणार आहेस ते दाखवून विचार. ‘नाही’ म्हणाल्या तर ‘सहा जणी’ एवढं पुरे. डोक्यावर टोपली, मागे जंगल, हसरा चेहरा, खाली ‘आमची आदिवासी भगिनी’ असला फोटो लावलास तर मी स्वतः येऊन काढेन. ती तुझी भगिनी नाही, तुझी पुरवठादार आहे. नागपूरच्या साखर देणाऱ्या व्यापाऱ्याचा फोटो लावून ‘आमचा बंधू’ लिहितोस का? दोघांशीही व्यवहार आहे, तो व्यवहारासारखाच मांड.

‘आम्ही विकसित केलेली खास पाककृती’ हेही वहीत सापडलं, देवाच्या कृपेने पानावर आलं नाही. तीन ओळी वरच लिहिलं आहेस, ‘धानोऱ्याच्या मावशीकडे लाडू खाल्ला, तिथून सुचलं.’ मग विकसित कोणी केली? श्रेयाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला तरी शहाणपण असायला हवं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडक्या जमिनीचा शेतकरी, धानाच्या लोंब्या निवडून निवडून वाण तयार केलं, घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. देशभर पिकलं, विकलं गेलं. आणि पुढे कृषी विद्यापीठाने त्याच्या नावाचं वाण बाजारात आणलं तेव्हा श्रेय कोणाचं यावरून वाद झाला. २०१८मध्ये दादाजी गेले. एचएमटी तांदूळ खाणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे? तू तेच आपल्या मावशीच्या बाबतीत करायला निघाला होतास. ‘कृती मावशीची, आम्ही त्यात गुळाचं प्रमाण बदललं आणि टिकण्यासाठी फूल आधी भाजून घेतो’, असं लिही. तुझा वाटा जेवढा आहे तेवढाच, पण तो स्पष्ट.

आता वही इकडे दे. तू म्हणालास, ‘बाई, कच्ची टिपणं आहेत, त्यात काही नाही.’ यात सगळं आहे. पानात काही नाही. हे बघ काय खोडून टाकलंयस:

‘पहिलं वर्ष. फुलात माती, राख. दाताखाली कचकच. नागपूरच्या दुकानदाराने सगळा माल परत केला.’

यावर तू तिरकी रेघ मारलीस, कारण हे नामुष्कीचं आहे. पण मोहाचं काम ज्याने केलंय त्याला ही ओळ वाचताच कळेल की हा माणूस झाडाखाली उभा राहिलेला आहे. फूल पहाटे गळतं, ओलं आणि चिकट असतं. ते वेचायला सोपं जावं म्हणून लोक आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. मग चिकट फूल त्या राखेत आणि मातीत पडतं, आणि वाळलं की ती राख नुसती धुऊन जात नाही. शिवाय ती आग कधी झाडाखाली थांबते, कधी जंगलात पळते. हे सगळं तुला कळलं ते माल परत आल्यावर. मग पुढे लिहिलं आहेस: ‘दुसऱ्या वर्षी जाळ्या. झाडाखाली चार खुंट्यांना बांधल्या. फूल स्वच्छ. जाळीच्या फुलाला ३ रु. जादा. २२ घरं तयार झाली, बाकी म्हणतात जाळीत वेळ जातो, माकडं फाडतात.’

हे तुझं पान आहे. इथून सुरुवात करायची. नागपूरच्या दुकानदाराला फक्त एक गोष्ट हवी असते: कचकच पुन्हा येणार नाही ना? ‘जागतिक दर्जा’ने त्याची खात्री पटत नाही, कारण ते त्याला दररोज दहा जण सांगतात. जाळीने पटते. आणि २२ घरंच जाळी वापरतात, ४२ वापरत नाहीत, हेही सांगायचं. दबकत नाही, सरळ. मग तो विचारेल, उरलेल्या बेचाळीस घरांच्या फुलाचं काय करता? तेही वहीत आहे: ते वेगळं ठेवता, तीन पाण्यांतून धुता, उकळून गाळून त्याचा पाक करता, लाडवात घालत नाही. हे लिहिल्यावर त्या माणसाकडे विचारायला काही उरत नाही.

ओलाव्याची ओळही घे. ‘पावसाळ्यात दोन पोती काळी पडली, फेकली.’ त्यानंतर काय बदललंस? कडक वाळल्याशिवाय पोतं शिवत नाही, जुलैपासून माल हवाबंद डब्यात. एवढं लिही. फेकली म्हणून सांगायला लाजू नकोस. न फेकता दळून लाडवात घातली असती तर लाज होती.

म्हणजे नापासाचा सगळा पाढा वाचायचा का? नाही. तेवढाच सांगायचा, ज्यातून आजची एखादी रीत निघाली. भागीदाराशी भांडण झालं, बँकेचा हप्ता थकला, बायकोचे दागिने मोडले, हे वहीत आहे आणि वहीतच राहू दे. ते खरं आहे, पण वाचणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. रडगाणं ही फुशारकीचीच दुसरी बाजू असते. ‘बघा मी किती सोसलं’ म्हणणारा आणि ‘बघा मी किती मोठा’ म्हणणारा, दोघेही स्वतःकडेच बोट दाखवतात. तुला लाडवाकडे दाखवायचं आहे.

लिहून घे. मी सांगते, पण एकदाच.

‘आम्ही मूल, जिल्हा चंद्रपूर, येथे मोहफुलांपासून लाडू, पाक आणि वाळलेली फुलं तयार करतो. इथे फक्त खाण्याचे पदार्थ होतात. काम २०२१मध्ये सुरू झालं, मोहफुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध उठले त्या वर्षी. लाडवाची मूळ कृती धानोरा तालुक्यातल्या आमच्या मावशीची आहे.

‘पहिल्या वर्षी आमच्या फुलांत माती आणि राख होती, आणि माल परत आला. तेव्हापासून लाडवासाठी आम्ही फक्त जाळीवर पडलेलं फूल घेतो आणि त्याला किलोमागे तीन रुपये जास्त देतो. आम्हाला फूल देणाऱ्या ६४ घरांपैकी सध्या २२ घरं जाळी लावतात. बाकीचं फूल धुऊन, उकळून, गाळून पाकासाठी वापरतो.

‘गेल्या हंगामात आम्ही धानोरा तालुक्यातल्या पाच गावांतून ३८ क्विंटल फूल घेतलं. साध्या फुलाचा दर ४५ रुपये किलो होता, रोख. गावात व्यापाऱ्याचा भाव त्या वेळी ४० होता. मूलच्या कामाच्या जागी सहा महिला वर्षातले सुमारे शंभर दिवस काम करतात. आमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र नाही. एफएसएसएआय नोंदणीचा क्रमांक खाली दिला आहे. काम बघायचं असेल तर मार्च ते जून या काळात या. आधी फोन करा.’

आणि खाली तुझं नाव. ‘संस्थापक व व्यवस्थापकीय संचालक’ नको; दोन खोल्यांत संचालन कसलं करतोस? नाव, गाव, फोन.

थांब, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? मी लिहून दिलं त्यात तीन रुपये आले, आणि मघाचं फळ्यावरचं गणित सगळ्यांना ४५ धरून केलं. मग जाळीवाल्या बावीस घरांचे जादा पैसे कुठे गेले? एक लाख एकाहत्तर हजारांत ते धरलेत की वेगळे? मला माहीत नाही, तुझ्या वहीत नाही. इतका वेळ हो-हो करत बसलास, तुला टोचलं नाही. उद्या नागपूरचा हिशेबनीस हे दोन मिनिटांत पकडेल आणि मग तुझ्या चांगल्या आकड्यांवरही शंका घेईल. जाळीचं फूल किती किलो आलं ते पावत्यांवरून काढ. पावत्या नसतील तर तो आकडा पानावर येणार नाही, ‘सुमारे’ लावूनही नाही. ‘सुमारे’ मोजलेल्या गोष्टीला लावतात, आठवणीतल्या गोष्टीला नाही.

दुसरं. छापण्याआधी हे पान घेऊन धानोऱ्याला जा. ज्या गावांची नावं टाकणार आहेस त्यांच्या ग्रामसभेत बसून सांग, मराठीत आणि कोणाकडून तरी गोंडीत. तुझं आधीचं पान तिथे वाचून दाखवायची तुझी हिंमत आहे का? ‘तुमचं जीवन मी उजळलं’ असं त्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडावर म्हणून बघ. त्या काही बोलणार नाहीत, एकमेकींकडे बघून हसतील. हे नवं पान वाचलंस तर कोणीतरी उठून म्हणेल, ४५ नाही, आमच्या गावात तू ४४ दिलास. ते ऐकून घे आणि दुरुस्त कर. जंगल त्यांच्या हक्काचं, फूल त्यांचं. त्यांच्या गावाचं नाव तुझ्या डब्यावर जायचं की नाही हेही त्यांनाच ठरवू दे.

आणि पानाच्या तळाशी महिना-वर्ष घाल. ६४ हा आकडा गेल्या हंगामाचा आहे. पुढच्या वर्षी सत्तर होतील किंवा पन्नास. पन्नास झाले तर पन्नासच लिहायचं. तारीख नसलेला आकडा तीन वर्षांनी खोटा होतो, आणि तेव्हा तू तो बदलणार नाहीस, कारण तो मोठा असेल. मी तुला ओळखते.

ही वही घेऊन जा. रविवारी ये, पावत्यांसकट. शुद्धलेखन तेव्हा बघू. ‘महिला’चा ‘हि’ अजूनही दीर्घ काढतोस.